त्याचा शून्य तिथंच असतो

गॅस एजन्सीत कॅशला बसलेल्या बाईला ग्राहकाच्या आवाजावरून त्याचा पत्ता ओळखता येतो, निदान बोईसरमध्ये तरी. एमआयडीसीत रात्रपाळी करून थेट काउंटरवर आलेला माणूस भांडत नाही; तो गॅसचं पुस्तक पुढे सरकवतो आणि उभ्याउभ्याच डोळे मिटतो. चिंचणीची मावशी आधी माझ्या आईच्या गुडघ्यांची विचारपूस करते आणि मग सिलिंडर न आल्याबद्दल त्याच आईचा उद्धार करते. २०१४ साली पालघर जिल्हा झाला तेव्हापासून तिसरा एक प्रकार वाढला. "मी कुठल्या ऑफिसात आहे, माहीत आहे का?" असं विचारणारे. त्यांना मी नम्रपणे सांगायचे, की ऑफिस कुठलंही असो, सिलिंडर घरच्या पत्त्यावरच येतो.

सगळे ओरडायचे आणि खरं सांगायचं तर आम्हांला ते सोयीचं होतं. ओरडणाऱ्या माणसाला तारीख आठवत नाही, तो पावती घरी विसरलेला असतो, आणि त्याला पाणी विचारलं की त्याचा निम्मा राग जातो. उरलेला निम्मा सिलिंडर दारात पडला की जातो. लोकांच्या लेखी आम्हीच गॅस कंपनी. कंपनीच्या लेखी आम्ही वितरक. त्यामुळे शिव्या कंपनीच्या नावानं आमच्याकडे यायच्या आणि आम्ही त्या मनातल्या मनात वर पाठवून मोकळे व्हायचो. पत्र मात्र कुणी लिहीत नसे.

२०१६च्या पावसाळ्याच्या तोंडावर पहिलं पत्र आलं.

त्याच सुमारास आमच्याकडे नवा कारकून लागला होता. पालघरच्या दांडेकर कॉलेजातून नुकताच बी.कॉम. होऊन आलेला, केसांना भरपूर तेल आणि खिशात दोन पेनं. शेठ त्याला 'चिरंजीव' म्हणायचे, म्हणून आम्हीही. नव्या माणसाला नेहमी जे काम देतात तेच त्याला दिलं होतं, म्हणजे जे जुन्यांना नको असतं ते. तक्रार नोंदवही. पोरगा हुशार. आधीच्या कारकुनाची फाइल वाचून आठवड्याभरात त्यानं या खात्याचं सगळं वाङ्मय आत्मसात केलं. ते फार नव्हतंच. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे', 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे' आणि 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे'. ही तीन वाक्यं तो पत्त्यांप्रमाणे पिसून वाटायचा.

गुरुजी आले तेव्हा काउंटरवर गर्दी होती. चित्रालयच्या बाजूला राहणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, काखेत छत्री, हातात कापडी पिशवी. रांगेत उभे राहिले, नंबर आल्यावर पिशवीतून फुलस्केप कागदावरचं पत्र काढलं. एक मूळ प्रत, एक कार्बनची. कार्बन पेपर अजून मिळतो हे मला तेव्हाच कळलं.

"पोच द्या," ते म्हणाले.

चिरंजीवानं शिक्का मारला.

"शिक्का एजन्सीचा झाला. घेतलं कोणी?"

"मी घेतलं, काका."

"मग तसं लिहा."

चिरंजीवानं सही ठोकली. आमच्या चिरंजीवाची सही म्हणजे कॉलेजात असताना वहीच्या शेवटच्या पानावर खूप सराव करून बसवलेली. गुरुजींनी ती चष्मा वर करून पाहिली.

"सही देखणी आहे. आता तिच्याखाली नाव लिहा, वाचता येईल असं. तारीख. आणि वेळ."

मागे रांगेत एकानं उसासा टाकला. गुरुजी वळून म्हणाले, "दोन मिनिटं. तुमच्या वेळी मी थांबेन." आणि गंमत म्हणजे त्या माणसाचं काम होईपर्यंत ते खरोखरच थांबले.

ते पत्र मी नंतर इतक्यांदा वाचलं, की मला ते जवळजवळ पाठ आहे. डाव्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा जावक क्रमांक. विषय, संदर्भ, मग मजकूर. त्यात राग नावाला नव्हता. घरपोच आलेल्या सिलिंडरचं वजन करून दाखवा असं त्यांनी डिलिव्हरीवाल्याला सांगितलं होतं. मागितलं तर वजन करून दाखवणं त्याचं काम असतं, काटा त्याच्याकडे असायला हवा. तो म्हणाला, काटा ऑफिसला आहे. तेव्हा गुरुजींनी पावतीवर सही केली, पण सहीशेजारी लिहिलं, 'वजन न करता घेतला'. सिलिंडर ठेवून घेतला, सील फोडलं नाही, आणि ते गल्लीतल्या भंगारवाल्याकडे गेले.

भंगारवाल्याकडे हुकाला लटकवून वजन करायचा डिजिटल काटा असतो. पण तो काटा खरा कशावरून? म्हणून गुरुजींनी आधी किराणावाल्याकडून पाच-पाच किलोची चार लोखंडी वजनं आणली, सरकारी शिक्क्याची, आणि ती काट्याला टांगली. काट्यानं २०.०० दाखवलं. भंगारवाल्याला हे आवडलं नाही म्हणे. त्याच्या काट्यावर आजवर संशय घेणारे खूप झाले, पण पुरावा गोळा करणारा हा पहिलाच. मग सिलिंडर टांगला. २९.२ किलो.

आता सिलिंडरच्या डोक्यावर जे गोल कडं असतं, ते ज्या तीन उभ्या पट्ट्यांवर बसवलेलं असतं, त्या पट्ट्यांवर सगळी कुंडली असते. रिकाम्या सिलिंडरचं वजन, त्याचा स्वतःचा नंबर, आणि पुढची तपासणी कधी आहे ते. इंग्रजी ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे त्यापुढची तिमाही, असं डीपर्यंत, आणि पुढे सालाचे दोन आकडे. डी-१९ म्हणजे २०१९च्या डिसेंबरअखेर. आमचा चिरंजीव त्या दिवसापर्यंत याला सिलिंडरचा दर्जा समजत होता. डी दिसला की हलका माल.

गुरुजींनी हे आकडे नुसते उतरवून घेतले नव्हते. पट्टीवर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी घासली होती, लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून घासायचो तशी. करड्या रंगात पांढरे आकडे उमटले होते. नंबर, आणि खाली १५.८. तो कागद पत्राला टाचलेला होता.

पुढचा हिशेब चौथीतल्या मुलाला समजेल असा मांडला होता. एकूण वजन २९.२. रिकामं वजन १५.८. म्हणजे आत गॅस १३.४ किलो. असायला हवा १४.२. तूट ८०० ग्रॅम. 'भरताना दीडशे ग्रॅम इकडेतिकडे चालते हे मला ठाऊक आहे,' त्यांनी लिहिलं होतं, 'म्हणून शंभर-सव्वाशे ग्रॅमसाठी मी तुम्हांस त्रास दिला नसता.' आणि मग एक वाक्य, जे वाचून मी चिरंजीवाकडे पाहिलं: 'दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन केले. तेवढेच भरले. सबब गळती नाही. गळती असती तर पत्र लिहीत न बसता १९०६ क्रमांकावर फोन केला असता.'

दोनदा वजन करायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. सिलिंडर हलका लागला की ग्राहक म्हणणार चोरी, आम्ही म्हणणार गळती, आणि दोघेही आपापल्या घरी जाणार. रात्रभर ठेवून पुन्हा तोललं की निम्मा वाद तिथंच मिटतो. गळत असेल तर वजन आणखी उतरतं. उतरलं नाही म्हणजे जे गेलं ते दारात येण्याआधीच गेलं.

चिरंजीवानं उत्तर पाठवलं. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून सदर बाबीची तपासणी करण्यात आली आहे व योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.'

तिसऱ्या दिवशी ते उत्तर परत आलं. सोबत गुरुजींचं दुसरं पत्र होतं, पण आधी लक्ष गेलं ते आमच्याच पत्राकडे. लाल शाईनं तपासलं होतं. 'घेण्यात आली'खाली रेघ, समासात एक शब्द: 'कर्ता?' 'तपासणी करण्यात आली'खाली रेघ: 'कर्ता? केव्हा? कोणत्या काट्यावर?' 'करण्यात येत आहे'खाली रेघ: 'कर्ता?' सर्वांत खाली, '१० पैकी २. (अक्षराचे.)'

एजन्सीभर ते पत्र फिरलं. डिलिव्हरीची पोरं पोट धरून हसली. चिरंजीवाचे कान लाल झाले. "म्हाताऱ्याला काम नाही दुसरं," तो म्हणाला. मग बराच वेळ तो कागदाकडे बघत बसला आणि मला म्हणाला, "काकू, तपासणी कोणी केली हो?"

"कुठली तपासणी?"

"हीच. मी लिहिलीय ती."

मी नोटा मोजत होते. मोजणी चुकू नये म्हणून उत्तर दिलं नाही.

शेठपर्यंत प्रकरण गेलं तेव्हा त्यांनी धंद्यातला चाळीस वर्षांचा तोडगा काढला: सिलिंडर बदलून द्या. आमचे शेठ चोर नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. ते फक्त काटकसरी होते, आणि त्यांच्या काटकसरीत माणसं, दिवे, दुरुस्त्या आणि उत्तरं हे सगळंच बसायचं. दुसरा सिलिंडर गेला. गुरुजींनी तो तोलून घेतला, बरोबर भरला, आणि जुना सील न फोडलेला परत दिला. परत दिल्याची पोच त्यांनी डिलिव्हरीवाल्याकडून घेतली. अंगठा नको म्हणाले, नाव लिही. त्या पोरानं नाव लिहिलं. पुढे बरेच दिवस तो आल्यागेल्याला सांगायचा, की गुरुजींनी माझ्याकडून लिहून घेतलं. तक्रार करत होता की मिरवत होता, ते मला कळलं नाही.

शेठ म्हणाले, "मिटलं."

तिसरं पत्र शनिवारी आलं. 'सिलिंडर बदलून दिल्याबद्दल आभारी आहे. माझी तक्रार मिटली. आता शिल्लक राहिला तो प्रश्न.' आणि खाली तीन ओळी. तो सिलिंडर कोणत्या तारखेच्या ट्रकमधून उतरला? त्या ट्रकमधले सिलिंडर कोणी तोलले? ज्या काट्यावर तोलले त्याची पडताळणी शेवटची कधी झाली? पत्राच्या शेवटी, 'उत्तर लिहिण्यापूर्वी रिकामा काटा काय दाखवतो ते स्वतः पाहावे.' आणि त्याखाली त्यांच्या हस्ताक्षरातला मला आठवणारा एकमेव टोमणा: 'आपल्या शेजारी तारापूरला १९६९पासून अणू फोडून वीज करतात. आठशे ग्रॅम मोजणे या पंचक्रोशीस जड जाऊ नये.'

अगदी तळाशी, पेन्सिलीनं, 'प्रत: वैधमापन निरीक्षक (उत्तर न आल्यास)'.

चिरंजीवानं तिन्ही वाक्यं पिसून पाहिली. एकही पान बसेना. पहिल्या प्रश्नातच अडलं. आमच्या पावतीवर ग्राहकाचा नंबर असतो, तारीख असते, किंमत असते, पण कुठला सिलिंडर गेला त्याचा नंबर नसतो. सिलिंडर कुणाचा नसतो, तो फिरता. आज तुमच्याकडे, महिन्यानं डहाणूला. त्यामुळे 'तो' सिलिंडर असं काही एजन्सीच्या कागदावर अस्तित्वातच नव्हतं. जगात त्याची एकच नोंद होती, ती म्हणजे गुरुजींच्या पेन्सिलीनं घासलेला तो कागद.

"काकू, गोडाऊनला येता का उद्या?" चिरंजीवानं विचारलं. रविवार होता उद्या. रविवारी पालघरहून बोईसरला येण्याचं माझ्या मनात नव्हतं. उमरोळीच्या पुढे रविवारी मला गाडीतून उतरवायला तसंच कारण लागतं. पण गोडाऊनचं रजिस्टर माझ्या कपाटात असायचं आणि चावी माझ्या पर्समध्ये. शिवाय, लपवत नाही, मला बघायचं होतं.

गॅसचं गोडाऊन गावाबाहेर असतं, तारेच्या कुंपणात. दारातच मोबाइल बंद करायचा. आत ठिणगी पडेल असं काही न्यायचं नाही. भरलेले एका बाजूला, रिकामे दुसऱ्या बाजूला, एकावर एक दोन थर. आमच्याकडे येणाऱ्या ट्रकला ३०६ सिलिंडर. ट्रक उतरवताना त्यातले काही तोलून बघायचे, सील आणि व्हॉल्व्ह बघायचे, कमी भरलेले बाजूला काढायचे आणि पुढच्या ट्रकनं परत पाठवायचे, असा शिरस्ता. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना होता. मी तो उघडला. वरपासून खालपर्यंत 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. सगळे 'ठीक' एकाच पेनाचे, एकाच कलाचे, आणि महिनाअखेरच्या दिवशी तर पुढच्या महिन्याचेही दोन 'ठीक' आगाऊ घातलेले. सहीच्या रकान्यात काहीच नाही.

गोडाऊन सांभाळणारे काका आमच्याकडचे सर्वांत जुने. त्यांना आम्ही काटा दाखवा म्हणालो. कोपऱ्यात तबकडीचा काटा होता, काच इतकी धुरकट, की आत बारा वाजलेत की सहा ते कळू नये. चिरंजीवानं रुमालानं काच पुसली. काट्यावर काहीही ठेवलेलं नव्हतं. सुई शून्यावर नव्हती. शून्यापासून सात रेघा पुढे होती. एक रेघ म्हणजे शंभर ग्रॅम.

"काका, हा सातशे दाखवतोय."

"हो," काका म्हणाले. "त्याचा शून्य तिथंच असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तो तिथंच उभा राहतो. पूर्वीपासून. काही करत नाही कुणाला."

चिरंजीव खाली बसला. मग उठला, परत आलेला गुरुजींचा सिलिंडर शोधायला गेला. पेन्सिलीचा कागद हातात धरून त्यानं एकेका सिलिंडरची मान तपासली. बाजूला ठेवलेला असेल असं आम्हांला वाटलं होतं. तो पुन्हा भरलेल्यांच्या रांगेत, जायला तयार उभा होता. सोमवारी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात पोचला असता.

तो काट्यावर चढवला. सुई २९.९वर थांबली.

मला आधी काही लक्षात आलं नाही. चिरंजीवाला आलं. एका जुन्या पावतीच्या पाठीवर त्यानं लिहिलं. रिकामं वजन १५.८ आणि गॅस १४.२ मिळून तीस किलो व्हायला हवेत. आमचा काटा २९.९ म्हणतो, म्हणजे शंभर ग्रॅम कमी. दीडशेपर्यंत चालतं. म्हणजे ठीक. काकांनी तोलला असता तरीही त्यांना 'ठीक'च लिहावं लागलं असतं. आठशेच्या तुटीतले सातशे ग्रॅम काटा स्वतःच्या पदरचे घालत होता.

"म्हणजे काका खोटं लिहीत नव्हते," मी म्हणाले.

"तोलून लिहिलं असतं तर खोटं ठरलं नसतं," चिरंजीव म्हणाला. पोरात काहीतरी हललं होतं. काकांनी तोललंही नव्हतं, हे एव्हाना तिघांनाही माहीत होतं, आणि काकाच ते बोलले. ट्रक आला की अंधार पडायच्या आत उतरवायचा असतो, हमाल दोन, त्यातला एक गावी गेलेला, तोलणार कोण? "तुम्ही रजिस्टर मागत होता, आम्ही रजिस्टर देत होतो," ते मला म्हणाले. हे माझ्याकडे बघून म्हणाले. मी महिनाअखेरीला रजिस्टर घ्यायचे ते खरं.

चिरंजीवानं मग साबणाचं पाणी करून व्हॉल्व्हवर सोडलं. बुडबुडा आला नाही. गुरुजी म्हणाले तसं, गळती नाही. मग गॅस गेला कुठे? भरणा केंद्रातच कमी भरला गेला असेल. वाटेत कुणी काढून घेतला असेल. एमआयडीसीच्या आजूबाजूला चाळींत छोट्या सिलिंडरात नळीनं गॅस मारून देणारे आहेत, आणि तो गॅस आभाळातून पडत नाही. सील जागेवर होतं, पण ज्याला सील काढता येतं त्याला ते परत बसवताही येतं. तिथं बसून आम्हांला यातलं काहीच सिद्ध करता येणार नव्हतं, आणि आजतागायत झालेलंही नाही. एवढंच सांगता येत होतं, की आमच्या दारातून तो गेला तेव्हा तो कमी आहे हे कळायची सोय आम्ही ठेवलेली नव्हती.

किराणावाल्याची वजनं आणि भंगारवाल्याचा काटा, दोन्ही मागवलं. भंगारवाला आता सरकारी माणसासारखा वागायला लागला होता; स्वतःच म्हणाला, "आधी वीस किलो टांगा." भरलेल्यांचा अख्खा थर तोलला. बहुतेक बरोबर निघाले. काही मोजके कमी निघाले, ते खडूनं फुली मारून बाजूला काढले. दुपार झाली. माझ्या साडीला ग्रीस लागलं, ते अजून गेलेलं नाही.

परत येताना चिरंजीवानं आणखी एक गुणाकार केला, गंमत म्हणून. ३०६ गुणिले सातशे ग्रॅम. दोनशे चौदा किलो आणि वर दोनशे ग्रॅम. भागिले १४.२. पंधरा सिलिंडर. "एवढे जात होते असं नाही," तो घाईनं म्हणाला. "पण एका ट्रकमागे एवढे गेले असते, तरी आपला काटा ठीक म्हणाला असता." कॉलेजात त्यानं ऑडिटिंग हा विषय घेतला होता. पासिंगपुरता, म्हणे.

सोमवारी त्यानं पत्र लिहिलं, आणि शेठ भडकले. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. असं लेखी कबूल केलं आणि कागद कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे गेला, तर मार्केटिंग डिसिप्लिन गाइडलाइन्स नावाचं प्रकरण आहे, त्यात वजनाच्या भानगडींना दंड आहे. "आणि तू स्वतःचं नाव कशाला घातलंस?" शेठ म्हणाले. "एजन्सीचं घाल. एजन्सीला काय, नाव असतं आणि तोंड नसतं."

चिरंजीव वाद घालेल असं मला वाटलं. त्यानं फक्त गुरुजींच्या पत्राची तळाची, पेन्सिलीची ओळ शेठना दाखवली. 'उत्तर न आल्यास.' शेठनी ती दोनदा वाचली. पेन्सिल खोडता येते, शाई येत नाही, हे त्यांच्यासारख्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. "पाठव," ते म्हणाले. "पण छोटं लिही."

पत्र छोटंच होतं. 'मी रविवारी गोडाऊनमध्ये जाऊन आपण परत केलेला सिलिंडर पाहिला. आमचा काटा रिकामा असताना ७०० ग्रॅम दाखवतो. या काट्याची दर वर्षी करायची पडताळणी झालेली नाही. सिलिंडर कोणत्या ट्रकचा होता हे मी सांगू शकत नाही, कारण आम्ही सिलिंडरचा नंबर लिहीत नाही. ट्रक उतरताना तो कोणी तोलला नाही. रजिस्टरमध्ये तोलल्याचे लिहिले आहे, ते बरोबर नाही. काटा दुरुस्तीस दिला आहे. तोवर दुसऱ्या काट्यावर तोलून माल देत आहोत. कमी भरलेले सिलिंडर वेगळे काढून परत पाठवीत आहोत.' खाली तीच देखणी सही, आणि सहीखाली वाचता येईल असं नाव.

दिलगिरी व्यक्त करायची राहूनच गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

गुरुजींचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. '१० पैकी ७. कर्ता सर्वत्र सापडला. तीन गुण कापले ते असे: काटा दुरुस्त होऊन येण्याची तारीख नाही, वेगळ्या काढलेल्या सिलिंडरांची संख्या नाही, "दुसऱ्या काट्यावर" म्हणजे कोणत्या, ते नाही.' चिरंजीवानं कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि पोस्टानं तिन्ही उत्तरं पाठवली. तिसरं उत्तर जरा अवघड होतं, कारण तो काटा भंगारवाल्याचा होता.

काटा दुरुस्त होऊन, शिक्का लागून आला. डिलिव्हरीवाल्यांना लटकते काटे दिले, ते ते नेतात आणि निम्मे वेळा सायकललाच अडकवून ठेवतात. मागितल्यावर मात्र काढतात. रजिस्टरच्या सहीच्या रकान्यात आता काकांचं नाव असतं. ते नाव असतं त्या दिवशी सगळे 'ठीक' नसतात, हे मी पाहिलेलं आहे. चिरंजीवानं पावतीवर हातानं सिलिंडरचा नंबर लिहायलाही सुरुवात केली होती. ते फार टिकलं नाही. संगणकात त्यासाठी रकाना नव्हता, सणासुदीला गर्दी वाढली, आणि शेठ म्हणाले की नंबर लिहीत बसलास तर दिवाळीचा फराळ लोक पुढच्या दिवाळीला तळतील. गुरुजींना त्यानं तसं लेखी कळवलं, कारणासकट. गुरुजींनी त्यावर काही लिहिलं नाही. नुसती बरोबरची खूण करून पत्र परत पाठवलं.

त्यानंतर आमच्याकडे त्यांची पत्रं कमी झाली. काय झालं ते एका दुपारी कळलं. एजन्सीचा फोन वाजला, चिरंजीवानं उचलला. पलीकडे वीज कार्यालयातला कुणी नवा कारकून होता, रडवेल्या आवाजाचा. त्याच्या हातात त्याचंच पत्र लाल शाईनं तपासून परत आलं होतं. गुरुजींचं बिल त्यांच्या मते चौदा युनिटांनी जास्त होतं. बरोबर त्यांनी आठ दिवसांचं, रोज सकाळी सात वाजता घेतलेलं रीडिंग जोडलेलं होतं. तुमचं नाव गुरुजींनीच सांगितलं, तो म्हणाला. उत्तर कसं लिहायचं ते तुम्हांला विचार म्हणाले. काहीतरी नमुना असेल तर द्या ना.

"नमुना नाही," चिरंजीव म्हणाला. "किती गुण पडलेत?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"दीड?" चिरंजीव हसू दाबत म्हणाला. "मला दोन होते. बरं, ऐक. मीटर बघितलास का? नाही, बिलावरचा नाही, भिंतीवरचा. उद्या सकाळी सातच्या आत जा, ते साडेसातला फिरायला निघतात. आणि जाताना पेन्सिल ने."